कार्ड चालू, पैसे शिल्लक, तरी हप्ता अडला: 15,000 च्या वरच्या ऑटो-पेमेंटमध्ये या चुका टाळा

तारकर्लीत होमस्टे चालवणाऱ्या एका काकांचा मे महिन्यात, अगदी ऐन सीझनमध्ये फोन आला. मी मालवणात दोन-चार होमस्टेंचे हिशेब बघतो, त्यामुळे असले फोन मलाच येतात. “माका वाटला कार्डच बाद झाला,” काका म्हणाले. ज्या सॉफ्टवेअरवर त्यांचे सगळे बुकिंग येते, त्याचे तिमाही पैसे कार्डातून आपोआप जात. या खेपेला ते गेले नाहीत, चार दिवसांनी सॉफ्टवेअर बंद पडले आणि एकाच खोलीचे दोघांना बुकिंग होऊन बसले.

कार्ड बाद झाले नव्हते. त्याच कार्डावर आदल्या दिवशी त्यांनी कुडाळला गॅस शेगडी घेतली होती.

बिल काय होते ते बघा. फेब्रुवारीपर्यंत तिमाही दर 12,500 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 2,250, म्हणजे एकूण 14,750. मे महिन्यापासून कंपनीने दर 13,000 केला. त्यावर जीएसटी 2,340, एकूण 15,340. दर वाढला फक्त 500 रुपयांनी, पण रकमेने 15,000 ची रेघ ओलांडली. रेघेखाली असताना पैसे न विचारता जात होते. रेघ ओलांडली की दर वेळी कार्डधारकाने नव्याने मंजुरी द्यायची, साधारणपणे ओटीपी टाकून. काकांनी ती दिली नाही, कारण ती मागितली गेली आहे हेच त्यांना कळले नाही.

हा नियम रिझर्व्ह बँकेचा आहे. 2019 मध्ये कार्डावरच्या आवर्ती पेमेंटसाठी ही चौकट आली तेव्हा मर्यादा 2,000 होती. जानेवारी 2021 पासून ती 5,000 झाली आणि जून 2022 मध्ये 15,000. पहिल्यांदा नोंदणी करताना, म्हणजे मँडेट देताना, ओटीपी लागतोच. त्यानंतरचे 15,000 पर्यंतचे हप्ते ओटीपीशिवाय जातात. मात्र कापणीच्या किमान 24 तास आधी बँकेने कळवायला हवे. त्या संदेशात कोणाला, किती, कधी आणि कोणत्या मँडेटखाली पैसे जाणार हे असते.

पहिली चूक: आदल्या दिवशीचा संदेश न वाचणे

काकांना 4 मे रोजी सकाळी संदेश आला होता. आम्ही दोघांनी मिळून तो शोधून काढला. वरवर बघता दर तिमाहीला येतो तसाच. कंपनीचे नाव, तारीख, रक्कम. फरक एवढाच की आधीचे संदेश ‘उद्या इतके पैसे जातील, नको असल्यास रद्द करा’ असे सांगत, आणि हा सांगत होता ‘इतके पैसे जाण्यासाठी मंजुरी द्या’. पहिल्या संदेशाकडे दुर्लक्ष केले की पैसे जातात. दुसऱ्याकडे केले की जात नाहीत. संदेश दिसायला जुळे आणि परिणाम नेमका उलटा, म्हणून सवयीने फसायला होते.

मंजुरीची वाट प्रत्येक बँकेत वेगळी. कुठे संदेशात दुवा येतो, कुठे बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर मँडेटच्या यादीत जावे लागते. दुवा आला तरी मी काकांना सांगितले की त्यावर बोट ठेवू नका, बँकेचे अ‍ॅप स्वतः उघडा आणि तिथे तीच कंपनी, तीच रक्कम, तोच मँडेट क्रमांक दिसतो का ते बघा. ‘आज मंजुरी द्या नाहीतर सेवा बंद’ असले खोटे संदेशही फिरत असतात आणि ते अगदी खऱ्यासारखे दिसतात. फोनवर कोणी ओटीपी मागितला तर तो बँकेचा माणूस नव्हे.

आपल्याकडे आणखी एक अडचण. कार्ड वडिलांच्या हातात आणि बँकेत नोंदलेला मोबाइल नंबर मुंबईतल्या मुलाचा. 15,000 च्या आत सगळे सुरळीत चालते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. रेघ ओलांडली की मंजुरीचा संदेश बोरिवलीत लोकलच्या गर्दीत वाजतो आणि मुलगा तो ‘बाबांचं काहीतरी असेल’ म्हणून सोडून देतो.

अडलेला हप्ता नेमका कसा दिसतो

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे तो बहुतेक वेळा दिसतच नाही. पैसे कापले जात नाहीत. क्रेडिट कार्डाची शिल्लक मर्यादा जशीच्या तशी राहते. महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये ओळ नसते, कारण व्यवहार झालेलाच नसतो. कंपनीच्या बिलाच्या पानावर मात्र एक-दीड दिवस ‘प्रक्रिया सुरू’ असे काहीतरी राहते, कारण 24 तासांची आगाऊ सूचना संपेपर्यंत कंपनीलाही निकाल कळत नाही. काकांनी 4 तारखेला ते पाहिले आणि पैसे वाटेत आहेत असे समजले. 6 तारखेला मेल आला: पेमेंट अयशस्वी, कृपया कार्डाची माहिती अद्ययावत करा.

हा मेलच माणसाला चुकीच्या वाटेला लावतो. कंपनीचे यंत्र प्रत्येक नकाराला हाच साचेबद्ध मेल पाठवते, मग कार्डाची मुदत संपलेली असो, खात्यात पैसे नसोत की मंजुरी राहिलेली असो. कधी कधी बिलाच्या पानावर किंवा मेलमध्ये `authentication_required` असा शब्द सापडतो. तो असेल तर शंकाच नको, मंजुरीच राहिली आहे. नसेल तर तीन गोष्टी पडताळा. रक्कम करासकट 15,000 च्या वर आहे का, याआधीची कमी रकमेची बिले याच कार्डातून गेली होती का, आणि त्याच आठवड्यात कार्ड दुसरीकडे चालले का. तिन्हींना ‘हो’ आले तर कार्डाला बोल लावू नका.

पैसे कापले गेले आणि कंपनी मात्र ‘आले नाहीत’ म्हणते, तर ते दुखणे वेगळे. तसे झाल्यास व्यवहारानंतर 5 दिवसांत बँकेने पैसे आपणहून परत करायचे असतात, आणि उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाईही द्यायची असते. काकांच्या बाबतीत हा प्रश्न आलाच नाही.

सगळ्यात महागात पडलेली चूक: कार्ड बदलणे

काकांनी मला फोन करायच्या आधीच जुने कार्ड काढून मुलीच्या सांगण्यावरून दुसऱ्या बँकेचे कार्ड जोडले होते. जोडताना ओटीपी आला, त्यांनी टाकला, 15,340 गेले. सॉफ्टवेअर सुरू. आता सांगा, कोणीही काय समजेल? जुने कार्ड बिघडले होते, नवे चांगले आहे.

पण नव्या कार्डावर पैसे गेले ते समोर बसून ओटीपी टाकला म्हणून. जुन्या कार्डावरही ‘आता भरा’ दाबून ओटीपी टाकला असता तर तेवढेच पैसे तितक्याच सहज गेले असते. 15,000 ची रेघ आपण हजर नसताना कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी आहे. स्वतः बसून केलेल्या व्यवहाराला ती लागू नाही. मी हे काकांना समजावले, त्यांनी मान हलवली, पण पटले नव्हते. 5 ऑगस्टला नवे कार्डही अडले तेव्हा पटले. त्या दिवशी देवबागेकडे वीज नव्हती, मोबाइलची रेंज संध्याकाळी आली, आणि मंजुरीचा संदेश सगळे आटोपल्यावर पोचला.

म्हणून असा हप्ता अडला की आधी कंपनीच्या बिलाच्या पानावर जा, थकलेले बिल उघडा आणि त्याच कार्डाने स्वतः भरा. कंपनीने पुन्हा प्रयत्न करण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. प्रत्येक नव्या प्रयत्नाला पुन्हा आगाऊ सूचना आणि पुन्हा मंजुरी लागते, म्हणजे मंजुरी दिली नाही तर दुसरा आणि तिसरा प्रयत्नही तसाच पडतो. स्वतः भरून झाल्यावर मात्र उशिरा आलेल्या मंजुरीच्या संदेशाला हात लावू नका, नाहीतर एकाच बिलाचे पैसे दोनदा जायचे आणि परत मिळवायला हेलपाटे पडायचे.

“पण विम्याचे 28,000 तर गेले!”

काकांचा हा प्रश्न रास्त होता. त्यांच्या आरोग्य विम्याचा 28,000 चा हप्ता त्याच जुन्या कार्डातून काही न विचारता गेला होता. कारण डिसेंबर 2023 पासून विम्याचे हप्ते, म्युच्युअल फंडाची गुंतवणूक आणि क्रेडिट कार्डाचे बिल या तिघांसाठी मर्यादा 1 लाख आहे. बाकी सगळे, बुकिंगचे सॉफ्टवेअर असो, जाहिरातींचे बिल असो की मुलांचा ऑनलाइन क्लास, 15,000 वरच. विम्याचा अनुभव धरून सॉफ्टवेअरचा अंदाज बांधू नका.

यातच एक उपघोटाळा आहे. मँडेट देताना त्यात कमाल रक्कम नोंदलेली असते. लोकांना वाटते ती 20,000 केली की काम झाले. नाही होत. तुमची कमाल रक्कम आणि 15,000 ची रेघ या दोन वेगळ्या गोष्टी. कमाल रक्कम 20,000 असली तरी 15,340 ला मंजुरी लागणारच. उलट ती 15,000 किंवा त्याहून कमी नोंदलेली असेल तर वाढलेले बिल मँडेटमध्येच बसत नाही, आणि मग मंजुरी न मागताच नकार येऊ शकतो. अशा वेळी जुने मँडेट रद्द करून मोठ्या कमाल रकमेचे नवे द्यावे लागते. अ‍ॅपमध्ये मँडेट उघडले की हा आकडा दिसतो, तो एकदा बघून ठेवा.

रेघेखाली राहायचे असेल तर

आकडा नेहमी करासकट धरा. 18 टक्के जीएसटी असेल तर मूळ किंमत 12,711 रुपयांपर्यंत असली तरच एकूण 15,000 च्या आत बसते. डॉलरमध्ये आकारणी असेल तर आणखी जपून, कारण बिल तेच असून रुपया घसरला की एका महिन्यात रेघ ओलांडली जाते.

मर्यादा प्रत्येक व्यवहाराला आहे, महिन्याच्या बेरजेला नाही. म्हणून काकांसाठी आम्ही मासिक दर विचारला. 4,500 अधिक जीएसटी 810, म्हणजे 5,310. तीन महिन्यांचे 15,930. तिमाहीपेक्षा 590 रुपये जास्त. माझ्या मते पावसाळ्यात रेंजचा भरवसा नसलेल्या माणसाला हे स्वस्तच आहे. काकांनी मात्र 590 द्यायला साफ नकार दिला. “तेवढ्यात सुरमई येता,” म्हणाले. त्यांनी तिमाहीच ठेवली आणि देय तारखेच्या तीन दिवस आधीचा अलार्म लावला. अलार्म वाजला की कंपनीच्या पानावर जाऊन ते स्वतः पैसे भरतात. बिल आगाऊ भरता येते की नाही हे कंपनीवर असते. काकांच्या कंपनीत येते.

2 नोव्हेंबरला त्यांनी भरले. 5 तारखेला मला फक्त पावतीचा फोटो आला, खाली काही लिहिले नव्हते.