फवारणीच्या दिवसात बागेत उन्हात मोबाईल नीट वाचायचा असेल तर हे करा

आंब्याला मोहोर आलाय, तुडतुड्यांच्या फवारण्या चालू आहेत, आणि आता प्रमाण कागदावर कोण लिहून आणत नाही, सगळं मोबाईलवरच असतं. ग्रुपवर आलेला वेळापत्रकाचा फोटो नायतर कृषी सहाय्यकाचा मेसेज. तो वाचायचा कुठे तर पिंपाशेजारी, कातळावर, साडेदहा-अकराच्या उन्हात. स्क्रीन काळी दिसते, अंदाजाने वाचलं जातं आणि इथेच घोटाळा होतो, म्हणून या सीझनला हे लिहितोय.

एक उदाहरण घ्या. इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के, दापोली विद्यापीठाच्या आंब्याच्या वेळापत्रकात याचं प्रमाण 10 लिटर पाण्याला 3 मिली असं येतं. कोणीतरी तेच मेसेजमधे 0.3 मिली प्रति लिटर असं लिहितो, हिशोब एकच आहे, 200 लिटरच्या पिंपाला 60 मिली. पण उन्हाच्या चमकेत पहिलं दिसेनासं होतं ते तो बारीकसा टिंब आणि त्याच्या आधीचं शून्य. मग उरतं काय, 3 मिली प्रति लिटर, म्हणजे त्याच पिंपात 600 मिली. दहापट! मोहोरावर एवढं औषध गेलं की परागीकरण करणाऱ्या माश्या मरतात, फळात अंश राहायची भीती वेगळी आणि पैसे गेले ते गेलेच. म्हणून ग्रुपवर प्रमाण टाकणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, टिंबवाला आकडा टाकू नका, "200 लिटरला 60 मिली" असं सरळ पूर्ण आकड्यात टाका.

आता स्क्रीनचं. कडक उन्हात साधारण 1 लाख लक्स उजेड असतो आणि मोबाईलची काच समोरून पडलेल्या उजेडातला चारेक टक्के उजेड परत फेकते. ऐकायला कमी वाटतं, पण हाताने ब्राईटनेस फुल केला तरी बरेच मध्यम किमतीचे फोन 400-500 निट्सच्या आसपास थांबतात, निट्स म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या चमकेचं माप, आणि उन्हात उभ्या माणसाच्या पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब एकटंच हजार निट्सच्या घरात जातं. म्हणजे अक्षरांच्या उजेडावर तुमचाच शर्ट बसलेला असतो. पांढरा शर्ट आणि पांढरी टोपी उन्हासाठी बरी, पण वाचताना गडद रंगाचं काहीतरी स्क्रीनसमोर हवं.

म्हणून पहिलं काम ब्राईटनेसचं नाही, उभं राहायचं कसं त्याचं. सूर्याकडे पाठ करा, फोन स्वतःच्या सावलीत येईल असा छातीजवळ धरा, आणि तो आडवा तळहातावर ठेवू नका कारण आडव्या फोनमधे सगळं आभाळ दिसतं. थोडा उभा करा आणि काचेत काय दिसतंय ते बघत बघत हळूहळू कलवा. कलमाचा गर्द पाला नायतर सावलीतली बाजू त्या काचेत आली की एकदम अक्षरं वर येतात, तो कोन सापडला की हात तिथेच ठेवा. फार तिरकंही करू नका, एलसीडी स्क्रीनचे स्वस्त फोन बाजूने बघितले की फिकट पडतात. आणि उन्हाचा पोलराईज्ड गॉगल लावला असेल आणि स्क्रीन अचानक काळी ठिक्कर दिसली तर फोन आडवा-उभा फिरवून बघा, एका बाजूने दिसते दुसऱ्या बाजूने नाही, नायतर गॉगल काढा. कलमाच्या दाट सावलीत चार पावलं चालून गेलात तर उजेड दहाव्या हिश्शावर येतो, मग यातलं काहीच लागत नाही. पण सड्यावर नवी लागवड असते, तिथे सावली कुठली?

आता ब्राईटनेस. इथे बरेच जण उलटं करतात, ऑटो बंद करून पट्टी हाताने शेवटपर्यंत ओढतात. कितीतरी फोनमधे, खासकरून अ‍ॅमोलेड स्क्रीनवाल्यांमधे, उन्हासाठी जादा ब्राईटनेस ठेवलेला असतो आणि तो फक्त ऑटो चालू असताना आणि सेन्सरला कडक ऊन दिसल्यावरच उघडतो, हाताच्या पट्टीत तो मिळतच नाही. म्हणून सेटिंग्ज, डिस्प्ले, तिथे Adaptive brightness चालू ठेवा. काही सॅमसंग फोनमधे ते बंद केल्यावर खाली Extra brightness नावाचं बटण येतं, ते पण चालतं. उजेड मोजणारा सेन्सर बहुतेक फोनमधे वरच्या कडेला सेल्फी कॅमेऱ्याजवळ असतो. आपण काय करतो, ऊन अडवायला तळहात नेमका तिथेच धरतो, मग फोनला वाटतं सावलीत आलो आणि तो स्वतःच ब्राईटनेस उतरवतो. हात वर न धरता बाजूने धरा, वरची कड मोकळी सोडा. तपासायचं असेल तर उन्हात ऑटो चालू ठेवून तिथे बोट ठेवा, थोड्या वेळात स्क्रीन मंद झाली तर सेन्सर तिथेच आहे.

तरीही वाढत नसेल तर बॅटरी सेव्हर चालू आहे का बघा. आणि फोन पिंपाच्या झाकणावर उन्हात पडलेला असेल तर तो तापून आपोआप मंद होतो, मग पट्टी कितीही ओढा उपयोग नाही. कव्हर काढा, सावलीत ठेवा, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. गार पाण्यात किंवा फ्रिजमधे घालू नका, आपल्याकडच्या दमट हवेत आत पाणी धरतं.

डार्क मोड घरी रात्री ठीक आहे, बागेत बंद करा. उन्हाची चमक काळ्या भागाला राखाडी करते आणि बारीक पांढरी अक्षरं त्यात विरघळतात, त्याउलट पांढऱ्यावर काळी अक्षरं असली की सगळी स्क्रीनच उजेड देते. रात्री डोळ्यांसाठी लावलेला पिवळा फिल्टर पण काढा. फॉन्ट दोन पायऱ्या मोठा करा, आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीमधे हाय कॉन्ट्रास्ट टेक्स्ट असतं ते चालू करा. पण लक्षात घ्या, फोटोतल्या अक्षरांना यातलं काही लागू होत नाही. वेळापत्रकाचा फोटो रंगीत पट्ट्यांचा आणि फिकट असला तर एडिटमधे जाऊन ब्लॅक अँड व्हाईट करा, कॉन्ट्रास्ट वाढवा, नायतर त्या फवारणीची एकच ओळ कापून सेव्ह करा.

काचेचं पण बघा. टेम्पर्ड ग्लास कडेने सुटलेली असेल तर मधल्या हवेमुळे चमक वाढते, ती बदला. मॅट गार्डने आरशासारखं प्रतिबिंब जातं खरं, पण थेट ऊन पडलं की सगळी स्क्रीन पांढुरकी होते, म्हणून सड्यावरच्या माणसाला मी तो घ्या म्हणणार नाही. घाम आणि तेलाचा थर ओल्या फडक्याने पुसला तरी बराच फरक पडतो.

औषधाच्या हाताने फोन धरायचा नाही. बाटली उघडायच्या आधी सावलीत प्रमाण वाचा, बाटलीच्या लेबलशी ताडून बघा, पूर्ण पिंपाचा आकडा मोठ्याने दुसऱ्या माणसाला सांगा आणि खडूने पिंपावरच लिहून टाका, 200 लिटर, 60 मिली. मग फोन पिशवीत, आणि हातमोजे चढवा.