विटलेले काळे सुती कपडे घरी पुन्हा काळे कसे करावेत

काळा कुर्ता वर्षभरात राखाडी-तपकिरी दिसायला लागला, तरी कापड धड असेल तर तो टाकून देण्याची गरज नाही. घरी रंगवता येतो. पण सगळेच कपडे रंग घेत नाहीत, आणि जे घेतात त्यांतले बरेच शेवटच्या धुण्यात बिघडतात. या लेखातला मोठा भाग त्या धुण्याबद्दलच आहे.

आधी कापड तपासा. आतल्या दुमडीतून कापडाचा एक धागा काढा. शिलाईचा दोरा घेऊ नका, तो बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा असतो. धागा काडीने पेटवा. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर कापड सुती. आक्रसून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, आणि मग हा लेख तुमच्या कामाचा नाही. टेरीकॉटमध्ये फक्त सुती भाग रंगतो. त्यातलं पॉलिएस्टर अजून काळं असेल तर बरं दिसतं, तेही फिकं पडलं असेल तर कापड करडंच राहतं.

दुसरी परीक्षा पाण्याच्या थेंबाची. कोरड्या कापडावर थेंब टाका. तो लगेच शोषला गेला नाही तर त्यावर सॉफ्टनर, स्टार्च किंवा तेलकटपणा आहे आणि तिथे रंगाचे डाग पडणार. मूठभर धुण्याचा सोडा आणि साबण घालून गरम पाण्यात कपडा स्वच्छ धुवा, पुन्हा थेंब टाकून बघा.

आता रंग. किराणा दुकानात मिळणाऱ्या छोट्या पुड्यांत सहसा ‘उकळा आणि मीठ घाला’ जातीचा डायरेक्ट रंग असतो. तो धाग्यात नुसता मुरतो, धाग्याशी पक्का जोडला जात नाही. त्यामुळे प्रत्येक धुण्यात थोडा थोडा निघत राहतो. काळ्यासाठी मी तो वापरत नाही. टाय-डाय आणि बाटिकचं सामान विकणाऱ्यांकडे ‘कोल्ड ब्रँड’ रिअ‍ॅक्टिव्ह काळा सुटा मिळतो, तो घ्या. सोड्याच्या पाण्यात हा रंग सुती धाग्याशी रासायनिक बंध करतो.

एक कुर्ता आणि एक सलवार, कोरडं वजन साधारण अर्धा किलो, असं धरून मापं देतो. कोमट पाणी १० लिटर, रंग ३० ग्रॅम (कपडा फारच पांढुरका असेल तर ४०), पुड्याचं साधं मीठ ६०० ग्रॅम, सोडा १०० ग्रॅम. काळ्याला इतर रंगांपेक्षा बराच जास्त रंग लागतो. कंजुषी केलीत तर जांभळट किंवा हिरवट करडा हाती येतो. खडे मीठ नको, त्यातल्या क्षारांनी रंग बिघडतो.

सोडा म्हणजे धुण्याचा सोडा. खाण्याचा सोडा इथे काही करत नाही, तो पुरेसा तीव्र नसतो. धुण्याचा सोडासुद्धा दोन रूपांत मिळतो: कोरडी पांढरी पूड, नाहीतर काचेसारखे खडे. खड्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, म्हणून खडे घेतलेत तर १०० ऐवजी २७० ग्रॅम घ्या.

भांडं स्टीलचं किंवा प्लास्टिकची बादली. अ‍ॅल्युमिनियम नको, सोडा ते खातो. त्या भांड्यात नंतर स्वयंपाक करायचा नाही. रंगाची पूड उडून श्वासात जाऊ देऊ नका, मास्क आणि रबरी हातमोजे घाला.

रंग वाटीभर कोमट पाण्यात कालवून फडक्यातून गाळून बादलीत ओता, नाहीतर न विरघळलेल्या कणांचे ठिपके उमटतात. मीठ विरघळवा, मग ओला कपडा घाला आणि २० मिनिटं सतत हलवत राहा. रंग सगळीकडे सारखा बसतो तो याच वेळात. कपडा बाहेर काढा, गरम पाण्यात विरघळवलेला सोडा बादलीत मिसळा, कपडा परत घाला. सोडा थेट कपड्यावर ओतू नका. मग तासभर, दर पाच मिनिटांनी हलवत. पाणी हाताला कोमट, म्हणजे ३५-४० अंश राहू द्या.

आता धुणं. कपडा बादलीतून निघतो तेव्हा गर्द काळा दिसतो. पण त्यातला सगळा रंग पक्का नसतो. काही रंग धाग्याशी जोडला जाण्याआधीच पाण्याशी जोडला गेलेला असतो. तो आता कधीच पक्का होणार नाही, कापडात नुसता अडकून बसलेला असतो. तो बाहेर काढायचा, एवढंच काम उरतं. ‘रंग पक्का करायला’ मीठ, व्हिनेगर, तुरटी घाला हा सल्ला इथेच येतो, आणि तो सरळ चुकीचा आहे. मीठ रंगाला कापडाकडे ढकलतं, म्हणून मिठाच्या पाण्यात रंग सुटत नाही आणि माणसाला वाटतं झालं काम. पुढच्या साध्या धुण्यात तोच रंग शेजारच्या पांढऱ्या शर्टावर जातो. व्हिनेगर आणि तुरटीने हा बंध होत नाही. तो सोड्यानेच व्हायचा होता आणि त्या तासाभरात होऊन गेला.

म्हणून क्रम असा. आधी थंड पाण्यात तीन-चारदा खळबळून कपड्यातलं मीठ आणि सोडा काढा. बोटांना लागणारा बुळबुळीतपणा गेला की समजायचं. ही पायरी गाळून थेट गरम पाण्यात टाकलंत तर उरलेलं मीठ रंगाला आतच धरून ठेवतं. त्यानंतर उकळीजवळचं पाणी, त्यात चमचाभर साबण, कपडा पूर्ण बुडवून अर्धा तास. पाणी काळं होईल, घाबरू नका. ओता आणि परत तसंच करा. अडकलेला रंग धाग्याच्या आतून हळूहळू सुटतो, त्यामुळे नुसतं पटापट खळबळण्यापेक्षा गरम पाण्यात निवांत ठेवणं उपयोगी पडतं. बोअरच्या जड पाण्यात हा रंग सुटायला त्रास देतो, म्हणून या धुण्याला शक्य तर नळाचं मृदू पाणी घ्या. कापडात लायक्रा असेल तर इतकं कढत पाणी नको, हात जेमतेम सोसेल एवढंच, आणि धुणी वाढवा.

कधी थांबायचं? धुण्याचं पाणी बघून फसायला होतं. ओल्या कपड्याच्या कोपऱ्यावर पांढरं सुती फडकं ठेवा आणि गरम इस्त्री दाबा. फडक्यावर काळा छाप आला तर अजून एक गरम धुणं. आला नाही तर सावलीत वाळवा.

काय होणार नाही, तेही सांगतो. कॉलर, कोपर, खिशांच्या कडा घासून तिथे बारीक तंतू उभे राहिलेले असतात. ते रंगले तरी प्रकाश विखुरतात, म्हणून तो भाग थोडा फिका दिसणारच. ब्लीचचा डाग बराचसा झाकला जातो, पण तिथलं कापड कमकुवत झालेलं असतं आणि तो भाग आधी फाटतो. पांढऱ्या पॉलिएस्टर दोऱ्याची शिलाई पांढरीच राहते, रबरी छपाईवर रंग चढत नाही. आणि संक्रांतीसाठी काठाची काळी साडी बादलीत घालणार असाल तर थांबा. सुती किंवा रेशमी रंगीत काठही काळपट होतो, काठातली जरी सोड्यात आणि कढत पाण्यात खराब होते, आणि सहावारी कापड घरच्या बादलीत एकसारखं हलवताही येत नाही. ती रंगाऱ्याकडे न्या आणि काठ बांधून रंगवून मिळेल का, हे आधी विचारा.