अनोळखी काकांना 'अहो', घरच्या काकाला 'अरे'

मेसेज किंवा संवाद लिहिताना काका, ताई, मावशी नुसतं चिकटवून भागत नाही, खरी मेख पुढच्या क्रियापदात असते. घरच्या मावशीला बऱ्याच घरांत आपण 'अगं मावशी, तू ये ना' म्हणतो, पण भाजीवाल्या मावशींना 'अहो मावशी, मेथी कशी दिली?' असंच निघतं तोंडातून. तिसऱ्याला सांगतानाही तेच, सख्ख्या काकासाठी 'काकाला विचार', रिक्षावाल्यांसाठी 'काकांना विचार', त्या 'ला' आणि 'ंना'च्या फरकावरून वाचणाऱ्याला कळतं की माणूस घरचा की बाहेरचा.

समजा गॅस सिलेंडरवाल्यांना मेसेज करायचाय. 'काका, मी बाहेर आहे काका, सिलेंडर शेजारी ठेवा काका' हे फार होतं. 'काका, मी जरा बाहेर आलोय, सिलेंडर शेजारच्या काकूंकडे ठेवाल का? पैसे त्यांच्याकडे दिलेत' एवढं पुरे, हाक एकदाच, सुरुवातीला. माणूस तरुण वाटला तर काका नको, सरळ दादा म्हणा, वयाने आपल्यापेक्षा लहान असला तरी चालतं.

बायकांच्या बाबतीत वयाचा अंदाज नसेल तर ताईच बरं, पस्तिशीच्या बाईला काकू म्हटलं की चेहरा पडतो हो, आणि ते साहजिकच आहे. मावशी हा शब्द भाजीवाल्या, हॉस्पिटलमधल्या आया, घरकामाला येणाऱ्या बायका यांच्यासाठी जास्त वापरला जातो, त्यामुळे डॉक्टर किंवा बँकेतल्या अधिकारी बाईंना मावशी खटकतं, तिथे मॅडमच लिहा.