एकच पंप, चार उत्तरं: मेंटेनन्सच्या प्रश्नात योग्य प्रकार कसा निवडायचा

ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या पेपरात किंवा ऑनलाइन टेस्टमध्ये एखाद्या मशीनचं चार ओळींचं वर्णन देतात आणि विचारतात, इथे ब्रेकडाउन, प्रिव्हेन्टिव्ह की प्रेडिक्टिव्ह? बिघडल्यावर दुरुस्ती, ठरावीक मुदतीने काम आणि मोजलेल्या लक्षणांवरून काम, या तिन्ही व्याख्या पाठ असूनही बरेच जण इथेच मार्क घालवतात, कारण ते मशीनचं नाव बघून उत्तर ठरवतात. कॉम्प्रेसर म्हटलं की प्रेडिक्टिव्ह, ट्यूबलाइट म्हटली की ब्रेकडाउन, असा हिशेब डोक्यात बसलेला असतो. खरं तर उत्तर मशीनच्या नावात नसतं. ते मशीन कसं बिघडतं आणि बिघडल्यावर काय अडतं, या दोन गोष्टींत असतं.

हे पटण्यासाठी एकच पंप घेऊ. दूध थंड करणाऱ्या प्लांटमधला, गार पाणी फिरवणारा सेंट्रिफ्यूगल पंप. मोटर ३० किलोवॅटची, पंप रोज २० तास चालतो. आता प्रश्नातली एकेक ओळ बदलत जाऊ.

पहिलं वर्णन असं: शेजारी तसाच दुसरा पंप स्टँडबाय जोडलेला आहे, व्हॉल्व्ह फिरवून पाच मिनिटांत लाइन बदलता येते, बिघाडात कुणाला धोका नाही आणि दुरुस्ती स्वस्त आहे. उत्तर ब्रेकडाउन. पंप बंद पडला तरी दूध थंड होणं थांबत नाही, मग आधीपासून पैसे का ओतायचे? इथे ब्रेकडाउन म्हणजे दुर्लक्ष नव्हे, विचार करून घेतलेला निर्णय आहे. फक्त त्यासोबत स्पेअर स्टोअरमध्ये हवं आणि दुरुस्ती करणारा माणूस हाताशी हवा. वर्णनात्मक उत्तरात हे वाक्य जरूर लिहावं.

दुसऱ्या वर्णनात स्टँडबाय पंप काढून टाकू आणि कपलिंगच्या रबराची नोंद देऊ: आतापर्यंत ते ३,९००, ४,२००, ४,००० आणि ४,१०० तासांनी फाटलं. हे आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बघा. म्हणजे रबर झिजून जातं आणि झिजेचा काळ जवळपास ठरलेला आहे. उत्तर प्रिव्हेन्टिव्ह. चारही वेळची सरासरी ४,०५० तास येते, म्हणून ४,०५० तासांनी बदलू असं लिहिलंत तर चूक. सरासरीपर्यंत थांबलो तर साधारण निम्म्या वेळा रबर आधीच फाटलेलं असेल. सर्वांत लवकरच्या बिघाडाच्याही आधी, समजा ३,६०० तासांनी बदलायचं. रोज २० तासांच्या हिशेबाने हे १८० दिवस होतात, म्हणजे सहामाही शटडाउनमध्ये काम बसतं.

तिसऱ्या वर्णनात बिघाड बेअरिंगचा आहे. आधीची बेअरिंग्ज २,००० तासांनी, ९,००० तासांनी आणि ५,५०० तासांनी गेली. आकडे असे विखुरलेले असले की ठरावीक तासांनी बदलणं दोन्हीकडून अंगाशी येतं: ५,००० तासांनी बदलू म्हटलं तर २,००० वाला बिघाड टळत नाही आणि ९,००० तास टिकणारं चांगलं बेअरिंग फुकट जातं. पण वर्णनात पुढे म्हटलंय की बिघाडाआधी काही आठवडे कंपन वाढायला लागतं. ही ओळ दिसली की उत्तर प्रेडिक्टिव्ह. मोटरच्या या मापासाठी आयएसओ १०८१६-१ या जुन्या मानकातल्या मर्यादा पुस्तकांत नेहमी येतात: कंपनाचा वेग सेकंदाला २.८ मिमीपर्यंत असेल तर मशीन दीर्घकाळ चालवायला हरकत नाही, २.८ ते ७.१ मध्ये थोड्याच काळापुरतं चालवावं, ७.१ च्या वर नुकसान होण्याइतकं कंपन आहे.

दर आठवड्याचं रीडिंग समजा असं आलं: १.६, १.७, २.४, ३.३, ४.६. तिसऱ्या रीडिंगला मर्यादा ओलांडलेली नाही, पण उडी दिसते. चौथ्याला ओलांडली. आता बेअरिंग मागवून पुढच्या सुट्टीत बदलायचं, एवढा वेळ हातात आहे. हेच रीडिंग महिन्यातून एकदा घेतलं असतं तर १.६ नंतर थेट ४.६ दिसलं असतं आणि धावपळ झाली असती. लक्षण दिसल्यापासून मशीन बंद पडेपर्यंतच्या काळाला पी-एफ इंटरव्हल म्हणतात. मोजणी या काळाच्या निम्म्या किंवा त्याहून कमी अंतराने व्हायला हवी. म्हणूनच एखाद्या प्रश्नात ‘लक्षण दिसल्यावर तासाभरात मशीन जातं, मोजणी आठवड्याला’ असं दिलं असेल तर प्रेडिक्टिव्ह हे उत्तर चूक ठरतं, सेन्सर कितीही महागाचा असो. सतत मोजणारा सेन्सर लावला तर गोष्ट वेगळी.

चौथं वर्णन बहुतेकांना फसवतं. पंपाच्या ड्राइव्हमधलं इलेक्ट्रॉनिक कार्ड कधीही जातं, वयाशी संबंध नाही, आधी काही लक्षणही दिसत नाही. कार्ड महत्त्वाचं आहे म्हणून विद्यार्थी प्रिव्हेन्टिव्हवर टिक करतात. पण बिघाडाचा दर वयाबरोबर वाढतच नसेल तर जुनं कार्ड काढून नवं बसवल्याने बिघाडाची शक्यता तेवढीच राहते. मोजण्यासारखं लक्षण नाही म्हणून प्रेडिक्टिव्हही चालत नाही. तीनच पर्याय असतील तर ब्रेकडाउन, सोबत स्पेअर कार्ड कपाटात ठेवून. ‘डिझाइन बदलणे’ किंवा ‘जोडीला राखीव यंत्रणा बसवणे’ असा चौथा पर्याय असेल आणि बिघाडाचे परिणाम गंभीर असतील तर तो घ्यावा.

वयाशी नातं नसलेले बिघाड अपवादात्मक असतात असं वाटत असेल तर एक जुना अभ्यास माहीत असावा. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी १९७८ मध्ये विमानांच्या भागांवरचा अहवाल दिला. त्यात फक्त ११ टक्के भागांमध्ये वय वाढल्यावर बिघाड वाढत असल्याचं स्पष्ट दिसलं, आणि ६८ टक्के भागांमध्ये बिघाडाची शक्यता सुरुवातीला जास्त, नंतर सपाट होती. हे आकडे विमानांचे आहेत, आपल्या डेअरीतल्या पंपाला तसेच लावता येत नाहीत. पण चांगलं चाललेलं मशीन उगाच उघडलं की बेअरिंगमध्ये कचरा जातो, कपलिंगचं अलाइनमेंट बिघडतं, हे कुठलाही फिटर सांगेल. ‘जितकं जास्त प्रिव्हेन्टिव्ह मेंटेनन्स तितकं चांगलं’ हे विधान सत्य की असत्य विचारलं तर असत्य लिहा.

आता सीमेवरचे प्रश्न. ‘फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक ०.५ बार झाला की फिल्टर बदला’ हे वाचून बदलणं म्हणजे प्रिव्हेन्टिव्ह असं वाटतं. पण इथे कॅलेंडर किंवा तासांनी काही ठरत नाही, मोजलेल्या स्थितीवर ठरतं. काही पुस्तकं याला कंडिशन बेस्ड असं वेगळं नाव देतात; पर्यायांत ते नसेल तर प्रेडिक्टिव्हच. उलट ‘दर ५०० तासांनी तेल बदला’ हे प्रिव्हेन्टिव्ह, आणि ‘दर ५०० तासांनी तेलाचा नमुना लॅबला पाठवा, धातूचे कण वाढले तर उघडा’ हे प्रेडिक्टिव्ह. तासांचा उल्लेख दोन्हीकडे आहे. बघायचं ते काम कशामुळे सुरू होतं ते.

दुसरा फसवा प्रश्न आणीबाणीच्या डिझेल जनरेटरचा. स्टँडबाय आहे म्हणजे ब्रेकडाउन, असं पहिल्या पंपावरून वाटेल. पण पंपाच्या उदाहरणात मुख्य पंप बंद पडलेला लगेच कळतो. जनरेटर नादुरुस्त आहे हे मात्र वीज गेल्यावरच कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. असे लपलेले बिघाड शोधायला ठरावीक मुदतीने चालवून बघावं लागतं, म्हणून तीन पर्यायांत प्रिव्हेन्टिव्ह. फायर पंप आणि सेफ्टी व्हॉल्व्ह याच गटातले.

आकडेमोडीच्या प्रश्नात तोच पंप घेऊ. २५ महिन्यांची नोंद: ४ महिन्यांत एकही बिघाड नाही, ९ महिन्यांत प्रत्येकी १, ८ महिन्यांत २ आणि ४ महिन्यांत ३. एकूण बिघाड ० + ९ + १६ + १२ म्हणजे ३७. भागायचं २५ ने, ओळी चार आहेत म्हणून ४ ने नव्हे. सरासरी महिन्याला १.४८ बिघाड. एका बिघाडाचा खर्च १२,००० रुपये, तर ब्रेकडाउन धोरणाचा मासिक खर्च १७,७६० रुपये.

प्रिव्हेन्टिव्हचं कंत्राट महिना ७,००० रुपयांचं आहे आणि त्यानंतरही सरासरी ०.५ बिघाड राहतात. खर्च ७,००० अधिक ६,००० म्हणजे १३,०००. उरलेल्या बिघाडांचे ६,००० विसरणं ही इथली सर्रास होणारी चूक.

प्रेडिक्टिव्हसाठी १,२०,००० रुपयांचे सेन्सर २४ महिन्यांवर वाटले तर महिना ५,०००, रीडिंग आणि विश्लेषणाचे २,५००. अचानक बिघाड ०.३ उरतात, त्यांचे ३,६००. शिवाय आधी कळल्यामुळे होणाऱ्या नियोजित दुरुस्त्या सरासरी ०.८, प्रत्येकी ३,००० रुपये, म्हणजे २,४००. बेरीज १३,५००. म्हणजे ५०० रुपयांच्या फरकाने प्रिव्हेन्टिव्ह स्वस्त. नियोजित दुरुस्तीचे २,४०० धरलेच नाहीत तर प्रेडिक्टिव्ह ११,१०० ला पडतं आणि उत्तर उलटं होतं. पर्यायांमध्ये ११,१०० हा आकडा मुद्दाम ठेवलेला असतो. सेन्सरने बिघाड नाहीसा होत नाही, तो फक्त आधी कळतो. बेअरिंग तरीही बदलावंच लागतं.

पुढचा उपप्रश्न बहुधा असा येतो: एका बिघाडाचा खर्च किती झाला की प्रेडिक्टिव्ह परवडेल? बिघाडाचा खर्च क धरा. प्रिव्हेन्टिव्ह ७,००० + ०.५क, प्रेडिक्टिव्ह ९,९०० + ०.३क. दोन्ही समान धरले की ०.२क = २,९००, म्हणजे क = १४,५००. खर्च त्याहून जास्त असेल तर प्रेडिक्टिव्ह स्वस्त. खालच्या बाजूला १.४८क = ७,००० + ०.५क सोडवलं की क साधारण ७,१४३ येतो. बिघाड त्याहून स्वस्तात निस्तरत असेल तर पंप बंद पडेपर्यंत चालवणंच परवडतं.