ईमेल कुणी फोडला? चोर धरण्याआधी या चुका टाळा

ईमेल पत्त्यात अधिकचं चिन्ह घालून वेबसाइटवर पाळत ठेवायची युक्ती आता बऱ्याच जणांना माहीत झाली आहे. जीमेलमध्ये तुमच्या नावापुढे + टाकून काहीही लिहा, मेल तुमच्याच इनबॉक्समध्ये येतो. या जोडलेल्या भागाला टॅग म्हणतात. खोक्यांच्या वेबसाइटला `tumchenaav+khoki@gmail.com` दिला आणि पुढं त्याच पत्त्यावर लॉटरीचे मेल यायला लागले, की पत्ता कुठून फुटला ते कळतं. ऐकायला एकदम सोपं. पण कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात लॅपटॉप घेऊन जे येतात, त्यातले निम्मे चोर धरायच्या नादात भलत्याचीच कॉलर धरून येतात.

त्यात पहिला नंबर आमच्या दाजींचा.

चूक पहिली: टॅग दिसला की निकाल लावून मोकळं होणं

दाजींचा गुळाचा व्यापार. एक किलोचे रवे पॅक करायला पुठ्ठ्याची खोकी लागतात, ती ते एका वेबसाइटवरून मागवतात. तिथं नोंदणी करताना मीच त्यांना टॅग लावून दिला होता, `+khoki7kq`. दोन महिन्यांनी दाजी तणतणत दुकानात आले. "बघ, तू म्हणालास तसंच झालं. खोकीवाल्यानं माझा पत्ता विकला." मोबाइल पुढं केला. व्यवसाय कर्जाचे अकरा मेल, सगळे त्याच टॅगवर.

मी म्हटलं, "दाजी, थांबा जरा, बघूया." पण दाजी थांबून आलेच नव्हते. खोकीवाल्याला दोन पानी मेल आधीच गेला होता आणि त्याचा स्क्रीनशॉट व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. खाली चाळीस जणांचे लाल चेहरे.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. जीमेलच्या शोधपट्टीत हे टाकलं:

```
in:anywhere to:tumchenaav+khoki7kq@gmail.com
```

`in:anywhere` लिहिलं की स्पॅम आणि ट्रॅशसुद्धा शोधात येतात. निकालाच्या तळाशी, म्हणजे सगळ्यात जुने मेल, खोकीवाल्याचे: नोंदणी, ऑर्डर, बिल. त्याच्यावर पाच आठवड्यांनी एक मेल, "आपल्या चौकशीबद्दल आभार". पाठवणारी कर्जाचे व्याजदर शेजारी शेजारी दाखवणारी वेबसाइट. त्यानंतर तीन दिवसांत कर्जाचा पहिला मेल. तोवर खोकीवाल्याकडचं वागणं स्वच्छ.

"दाजी, कर्जाची चौकशी केली होती काय कुठं?"

"केली होती की. पण तिथं मी काय पत्ता टाईप केला नाही. त्यानं आपोआपच भरला."

झालं. मोबाइलमधल्या ब्राउझरनं खोकीवाल्याकडं भरलेला पत्ता लक्षात ठेवला आणि कर्जाच्या फॉर्ममध्ये तोच घालून दिला. दाजींनी न बघता पुढं दाबलं. म्हणजे टॅग खोकीवाल्याचा, पत्ता दिला दाजींनी, आणि वाटला कर्जवाल्यानं. त्याच्या अटींमध्ये "आमचे भागीदार" असा शब्द होताच, दाजींनी त्यालाही टिक केली होती.

हा प्रकार मी इतक्या वेळा बघितला आहे की आता कुणाला टॅग लावून दिला की त्याच बैठकीत ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ते साठवणं आणि भरणं बंद करतो, आधीचे साठलेले पुसतो. लोक कुरकुरतात, "मग दर वेळी टाईप करायचं?" होय, करायचं. मोबाइलचा कीबोर्डसुद्धा पत्ता सुचवतो, तोही डोळे उघडे ठेवून घ्यायचा. एक टॅग दोन दारांत गेला की त्याचा पुरावा म्हणून उपयोग संपला.

आणि टॅग एकाच दारात गेला असला, तरी त्यातून एवढंच कळतं की पत्ता त्या दारातून बाहेर पडला. विकला, चोरीला गेला की त्यांच्या मेल पाठवणाऱ्या ठेकेदाराकडून फुटला, हे टॅग सांगत नाही. 2011 मध्ये एप्सिलॉन नावाच्या कंपनीतून पत्ते चोरीला गेले. ही कंपनी बऱ्याच बँका आणि दुकानांच्या वतीनं मेल पाठवायची. ज्यांनी टॅग लावले होते त्यांचं बोट दुकानाकडं गेलं असणार, भोक मात्र दुसऱ्याच्या भिंतीला होतं. 2012 मध्ये ड्रॉपबॉक्सचंही असंच. फक्त ड्रॉपबॉक्सला दिलेल्या पत्त्यांवर जुगाराच्या जाहिराती येतात अशी तक्रार अनेकांनी एकाच वेळी केली. कंपनीनं तपास करून सांगितलं की एका कर्मचाऱ्याच्या खात्यात चोरलेल्या पासवर्डनं कुणीतरी शिरलं आणि तिथं ग्राहकांच्या पत्त्यांची फाइल होती. विक्री नव्हती, चोरी होती. म्हणून माझी सवय अशी की पहिल्या मेलमध्ये आरोप करायचा नाही. "हा पत्ता मी फक्त तुम्हाला दिला, अमुक तारखेपासून त्यावर असे मेल येतात, तुमच्याकडं काय झालं ते बघा", एवढंच. त्याच साइटवर टॅग वापरणारा दुसरा कुणी ओळखीचा असेल तर आधी त्याला विचारायचं. दोघांकडं एकाच आठवड्यात सुरुवात झाली असेल तर मामला पक्का.

चूक दुसरी: "टू" पुढचं नाव वाचून समाधान मानणं

स्पॅमवाला हजार जणांना एकाच दमात मेल पाठवतो आणि तुमचं नाव बीसीसीत, म्हणजे कुणाला न दिसणाऱ्या यादीत असतं. मग मेलच्या वर "टू" पुढं भलताच पत्ता दिसतो किंवा काहीच दिसत नाही. लोक म्हणतात, टॅग नाही, म्हणजे मूळ पत्ताच फुटला. तसं नसतं. "टू" ही पाठवणाऱ्यानं स्वतः लिहिलेली ओळ, तो तिथं काहीही लिहू शकतो. पाकिटावरचा खरा पत्ता वेगळा असतो आणि तो बघायला मेलचं पोट उघडावं लागतं. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये मेलच्या उजवीकडचे तीन ठिपके, मग `Show original`. त्यात `mx.google.com` असलेली `Received` ओळ शोधा:

```
Received: from mail.example.net ...
        by mx.google.com with ESMTPS id ...
        for <tumchenaav+khoki7kq@gmail.com>
To: grahak@example.net
```

`for` पुढं जे आहे ते पाकिटावरचं. वर सांगितलेला शोध "टू" वर चालतो, त्यामुळं बीसीसीनं आलेले मेल त्यात सापडतीलच असं नाही. संशयाचे दोनचार मेल असे उघडून बघायचा कंटाळा करू नका. आणि स्पॅममधला मेल जीमेल 30 दिवसांनी स्वतःच पुसतं. म्हणजे "बघू नंतर" म्हणणाऱ्याचा पुरावा महिन्याभरात गेला. मी पहिला मेल दिसला की मूळ मजकूर उतरवून ठेवतो.

चूक तिसरी: टॅग नाही, म्हणजे सगळे निर्दोष

+ पासून @ पर्यंतचा भाग खोडला की मूळ पत्ता हातात येतो, हे कुणालाही माहीत आहे. पत्त्यांच्या याद्या विकणारे ते खोडूनच विकतात, त्यांना एका ओळीच्या प्रोग्रामचं काम. त्यामुळं मूळ पत्त्यावर आलेल्या स्पॅममधून चोर कळत नाही, आणि एखादा टॅग शांत आहे म्हणून ती साइट सज्जनही ठरत नाही. टॅग फक्त आळशी चोराला धरतो.

ज्या साइटवर मनापासून संशय आहे तिथं मी टॅग देतच नाही, वेगळा अलायस, म्हणजे मधल्या सेवेकडून घेतलेला पर्यायी पत्ता देतो. फायरफॉक्स रिले, सिंपललॉगिन, ॲपलचं हाइड माय ईमेल यांच्याकडून मिळणाऱ्या पत्त्यात तुमचं नाव नसतंच, खोडून मागं काही उरत नाही. मेल तुमच्या इनबॉक्सला येतो, त्रास झाला की तो अलायस बंद करायचा. तोटे आहेत: फुकटात मोजकेच मिळतात, काही साइट असे पत्ते घेत नाहीत, आणि मधली सेवा उद्या बंद पडली तर त्या पत्त्यावरची खाती लटकतात. म्हणून बँक आणि सरकारी कामाला मी अलायस वापरत नाही.

बाकीच्या, पटापट

टॅगमध्ये नुसतं साइटचं नाव लिहू नका. ते कुणीही अंदाजानं लावू शकतं. `khoki` नंतर तीनचार आडवीतिडवी अक्षरं घाला, आणि कुठला टॅग कुणाला, कधी दिला ते वहीत किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये लिहा. डोक्यात ठेवणाऱ्यांनी माझ्याकडं येऊ नये.

ऑफिसच्या मेलवर + चालतो का ते आधी स्वतःलाच एक मेल पाठवून बघा.

काही साइट + घालून नोंदणी घेतात, पण "मेल बंद करा"ची लिंक दाबली की पत्ता सापडत नाही म्हणतात. लिंकमधला + रिकामी जागा म्हणून वाचला जातो. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत + च्या जागी `%2B` घालून बघा, बहुतेक वेळा काम होतं.

फोनवर पत्ता सांगताना "प्लस" म्हटलं की समोरचा p-l-u-s अशी चार अक्षरं लिहितो. "बेरजेचं चिन्ह" म्हणा.

फुटलेल्या टॅगला फिल्टर लावून थेट कचऱ्यात टाकायची घाई करू नका. आधी त्या साइटवर जाऊन पत्ता बदला, नवा टॅग द्या. कारण खरी परीक्षा इथं होते. जुन्यावर स्पॅम चालू राहिला आणि नवा शांत असेल, तर यादी कधीतरी एकदाच बाहेर गेली. नव्यावरही तेच सुरू झालं, तर त्यांच्याकडून पत्ते अजून जाताहेत.

दाजींचंही आम्ही असंच केलं. खोकीवाल्याकडं `+khoki4mz` दिला, तोही या वेळी हातानं टाईप करून. सात महिने झाले, त्यावर बिलांशिवाय काही आलेलं नाही. जुन्या टॅगवर कर्जं अजून मंजूर होताहेत. दाजींनी ग्रुपवर माफी लिहिली, ती मीच टाईप करून दिली, आणि खोकीवाल्याला दोन रवे पाठवले. त्याच्याच खोक्यात घालून.