बोल्ट घट्ट बसला म्हणजे कुलूप लागलं असं नाही: लगच्या बाबतीत या चुका टाळा

बहुतेक बोल्ट-अॅक्शन रायफलींत हँडल खाली दाबलं की बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, फिरतो आणि त्याच्या पुढच्या टोकाचे दोन दात, म्हणजे लग, रिसिव्हरमधल्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यातल्या, खाचांमध्ये अडकतात. ब्रीच, म्हणजे ते मागचं तोंड, बंद राहते ती या दोन लगांमुळे. माउझर 98 मध्ये मागे तिसरा लग असतो, पण तो फक्त सुरक्षेसाठी. भार पुढचे दोन घेतात. ट्रिगर ओढल्यावर गोळी नळीबाहेर पडेपर्यंत आत हलतो तो फायरिंग पिन आणि ट्रिगरचे एकदोन भाग. अर्धस्वयंचलित रायफलीसारखा वायूच्या दाबाने मागे धावणारा जड भाग इथे नाही. नेम सातत्याने लागण्यामागे हे मोठं कारण आहे.

पण दोन्ही लग सारखे टेकले तरच. .308 विंचेस्टरसारख्या काडतुसाचा धक्का बोल्टवर साधारण 3 ते 4 टनांचा येतो. एकच लग टेकला असेल, तर गोळी नळीत असतानाच दुसरा टेकेपर्यंत बोल्ट किंचित कलतो आणि त्या झटक्याने नळी थरथरते. लक्ष्यावर गट उभा पसरतो आणि माणूस दुर्बिणीचे स्क्रू आवळत बसतो.

लग तपासताना रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. लगांच्या मागच्या बाजूला मार्करची शाई लावा, हँडलवर मागच्या दिशेने हलका दाब ठेवून बोल्ट वीसेक वेळा उघडा-बंद करा आणि शाई कुठे पुसली ते पाहा. नेहमीची चूक इथेच होते: फायरिंग पिन आणि स्प्रिंग काढून ठेवलेल्या बोल्टवर तपासणी करून लोक समाधान मानतात. कॉक केलेल्या, म्हणजे पिन मागे ताणलेल्या अवस्थेत बऱ्याच रायफलींमध्ये ट्रिगरचा सिअर, म्हणजे पिन अडवून धरणारा खटका, बोल्टचं मागचं टोक वर ढकलतो, त्यामुळे वरचा लग खाचेपासून सुटतो. म्हणून पिन बसवून, कॉक करूनही पाहा. मोकळ्या बोल्टवर दोन्हीकडची शाई पुसते आणि कॉक केल्यावर फक्त खालची, असं दिसलं तर दोष लगांचा नाही. बोल्टचा मागचा भाग रिसिव्हरमध्ये सैल आहे. तिथे लग घासून उपयोग नाही.

दोन्ही वेळा एकच लग पुसला, तर मात्र घासणी लागते. ती घरी पॉलिश पेस्टने करू नका. लग झिजले की बोल्ट मागे सरकतो आणि हेडस्पेस, म्हणजे बोल्टचं तोंड आणि काडतूस पुढे जिथे टेकतं ती जागा यांतलं अंतर, वाढते. हे अंतर तपासणाऱ्या .308 च्या ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेजमध्ये फरक जेमतेम 0.1 मिलिमीटरचा असतो, त्यामुळे हे काम गनस्मिथचंच, आणि नंतर गेज लावून घ्यायचंच. त्याच कारणाने दुसऱ्या रायफलीचा बोल्ट ‘बसतोय की’ म्हणून वापरू नये.

शेवटची चूक तेलाची. लगांच्या मागे ग्रीसचा पातळ थर हवाच. चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, मात्र कोरडा हवा. कोरडं काडतूस फुगून चेंबरच्या भिंतीला धरतं आणि धक्क्याचा काही वाटा भिंत उचलते. तेलकट चेंबरमध्ये ते निसटतं आणि बोल्टवरचा भार वाढतो. हँडल अचानक जड उचलायला लागलं, तर आधी चेंबरमध्ये कोरडा पॅच, म्हणजे कापडाचा तुकडा, फिरवून पाहा. तरीही जड राहिलं तर ती काडतुसं वापरणं थांबवा, कारण दाब जास्त असू शकतो.