‘लग्नाचं काय ठरलंय?’ मुलाखतीतल्या या प्रश्नावर होणाऱ्या चुका

मुलाखत आटपत आलेली असते, दोन्हीकडे जरा सैल वाटू लागलेलं असतं, आणि फाइल मिटता मिटता समोरचा विचारतो, “मग, लग्नाचं काय ठरलंय?” मी बरीच वर्षं मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसलेय. हा प्रश्न गप्पांच्या सुरात येतो, म्हणून उमेदवारही गप्पांच्याच सुरात उत्तर देतात. तिथेच घोळ होतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे खुलासा देत बसणं. एका मुलीचं उत्तर मला अजून आठवतं: “घरचे बघतायत, पण दोन वर्षं तरी नाही. आणि झालं तरी सासरचे नोकरीला नाही म्हणणार नाहीत.” तिला धीर द्यायचा होता. टेबलाच्या या बाजूला मात्र ऐकू आलं ते एवढंच, की दोन वर्षांनी काहीतरी बदलणार आहे आणि तेव्हा निर्णय तिसरंच कोणी घेणार आहे. कोणी न विचारलेल्या शंकाही तिने स्वतःच पुरवल्या.

अशा प्रश्नामागे बहुतेक वेळा कामाची एखादी धास्ती असते. ही टिकेल का? रात्रीची पाळी, फिरती जमेल का? मध्येच लांब रजेवर जाईल का? उत्तर त्या धास्तीला द्यायचं, प्रश्नाला नाही. त्याच मुलीला असं म्हणता आलं असतं: “मी इथे किती काळ राहीन, असं तुम्हाला विचारायचं असावं. मागच्या ठिकाणी मी चार वर्षं होते, आणि हे काम नीट हातात यायलाच वर्ष लागेल याची मला कल्पना आहे. पहिल्या सहा महिन्यांत तुमची माझ्याकडून काय अपेक्षा असेल?” यात लग्नाचा उल्लेखही नाही. शेवटचा प्रश्न विसरू नका. तो नसेल तर उत्तरानंतर शांतता पसरते, आणि त्या शांततेत मूळ प्रश्न पुन्हा डोकं वर काढतो.

गरोदरपणाच्या प्रश्नावर दोन टोकांच्या चुका होतात. एक म्हणजे “पाच वर्षं मूल नकोच आहे” असं वचन देऊन टाकणं. ते कोणी मागितलेलं नसतं आणि त्यावर कोणी विश्वासही ठेवत नाही. दुसरी जास्त महागात पडते: दिवस गेलेले असताना “छे, तसं काही नाही” म्हणणं. न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. काही महिन्यांत खोटं उघडं पडलं की वाद प्रश्नाचा राहत नाही, तुमच्या शब्दाचा होतो. “या कामाच्या वेळा आणि फिरती मी पाहिली आहे, त्यात मला अडचण नाही” हे खरं असेल तर तेवढंच पुरे.

वयाचं थोडं निराळं. “टीम सगळी तरुण आहे, जमेल ना?” यावर तब्येतीचे दाखले देऊ नका. हल्लीच शिकलेली एखादी गोष्ट किंवा वयाने लहान वरिष्ठाच्या हाताखाली केलेलं एखादं काम सांगा. धर्माबद्दल विचारलं तर गाडी सुट्ट्यांच्या नियमांवर न्यायची: “कामाचे वार कसे असतात?” एखादा वार खरोखरच जमणार नसेल, तर तो विषय नोकरी देऊ केल्यावर काढलेला बरा.

कायद्याचं कलम तोंडावर फेकू नका. कायदा देशागणिक बदलतो, आणि कित्येक ठिकाणी नुसत्या प्रश्नावर बंदी नसते. त्या उत्तरावरून नोकरी नाकारणं मात्र गुन्हा किंवा दाव्याचं कारण ठरू शकतं. कलम चुकलं की उलट तुम्हीच अडकता.

तरीही समोरचा तिथेच घोटाळत राहिला तर? दुसऱ्यांदा विचारल्यावर सरळ सांगा, “ते मी घरापुरतंच ठेवते, कामाबद्दल काहीही विचारा.” आवाज चढवू नका, माफीही मागू नका. तिसऱ्यांदा विचारलं, तर तो चौकशीचा भाग राहिलेला नाही. बाहेर पडल्यावर त्याच दिवशी प्रश्न जसाच्या तसा, कोणी विचारला आणि किती वाजता, हे लिहून ठेवा. पुढे तक्रार करायची झाली तर आठवणीपेक्षा ती नोंद उपयोगी पडते.

एक मात्र लक्षात घ्या: नोकरी पक्की झाल्यावर विमा किंवा वारसदाराच्या फॉर्ममध्ये जन्मतारीख आणि जोडीदाराचं नाव लागतं, ते बिनधास्त भरा. मुलाखतीआधीच्या अर्जात तोच रकाना दिसला तर मी आडवी रेघ मारते. आजवर मला कोणी परत बोलावून तो भरायला लावलेला नाही.